वह्यांचा जीएमआरओआय ४.८, भेटवस्तूंचा ०.८. भेटवस्तूंचा कोपरा बंद करावा का?

पेन्सिलबॉक्स (धागाकर्ती)

नमस्कार मंडळी. विलेपार्ले पूर्वेला आमचं स्टेशनरीचं दुकान आहे, सासऱ्यांनी सुरू केलेलं. जागा १८० चौरस फूट आणि वर पोटमाळा. गेल्या दीड वर्षापासून हिशोब माझ्याकडे आहे. आजवर आमच्याकडे 'कशात जास्त सुटतं' हे नुसत्या मार्जिनच्या टक्क्यांवरून ठरायचं. मी यंदा पहिल्यांदाच प्रत्येक गटाचा जीएमआरओआय काढला, म्हणजे वर्षभरात त्या मालातून सुटलेलं मार्जिन भागिले त्या मालात सरासरी अडकलेली रक्कम.

आकडे २०२४-२५ चे आहेत. एका शाळेला बिलावर माल देतो म्हणून आमची जीएसटी नोंदणी आहे, त्यामुळे सगळे आकडे कर वगळून आणि साठा खरेदी किमतीत धरला आहे.

वह्यांची विक्री १२ लाख, मार्जिन २० टक्के, म्हणजे २,४०,००० सुटले. साठा सरासरी ५०,००० चा. जीएमआरओआय ४.८.

पेन, पेन्सिली, कंपास वगैरेंची विक्री ६ लाख, मार्जिन ३० टक्के, सुटले १,८०,०००. साठा एक लाखाचा. जीएमआरओआय १.८.

भेटवस्तू आणि खेळण्यांची विक्री ५ लाख, मार्जिन ४० टक्के, सुटले २ लाख. साठा अडीच लाखांचा. जीएमआरओआय ०.८.

सासरे म्हणतात, भेटवस्तूंतच खरा पैसा आहे, शंभराच्या वस्तूत चाळीस सुटतात. माझे आकडे बरोबर उलटं सांगताहेत. भेटवस्तूंचा कोपरा काढून तो पैसा वह्यांत घालावा असं मला वाटतंय. पण वीस वर्षं ज्यांनी दुकान चालवलं त्यांना हे सांगण्याआधी कुणीतरी माझा हिशोब तपासून द्या.

---

गिरगावकर_किराणा

ताई, आमचं किराणा दुकान आहे. तुमचं वाचून दुधाचा हिशोब केला. पहाटे क्रेट येतात, अकरापर्यंत पिशव्या संपतात. पिशवीमागे सुटतात मोजकेच पैसे. पण रात्री दुकान बंद करताना दुधाचा साठा जवळजवळ शून्य, मग तुमच्या पद्धतीने भागाकार केला तर उत्तर शेकड्यात येतं. सुकामेव्याचं दोनच्या आसपास येतं. आता मी काय सुकामेवा बंद करून नुसतं दूध विकू? गिऱ्हाईक घेणार तेवढंच दूध घेणार. दुप्पट क्रेट मागवले तर उरलेलं नासेल.

---

सीए_होणार

ताई, तुमचे आकडे थोडे चुकलेत. जीएमआरओआय म्हणजे मार्जिनचे टक्के गुणिले मालाचे फेरे. वह्यांची खरेदी किंमत ९,६०,००० आणि साठा ५०,०००, म्हणजे वर्षाला १९.२ फेरे. त्याला २० टक्क्यांनी गुणलं की ३.८४ येतात, ४.८ नाही. भेटवस्तूंची खरेदी किंमत ३ लाख, साठा अडीच लाख, फेरे १.२, गुणिले ४० टक्के, उत्तर ०.४८. तेव्हा भेटवस्तूंची अवस्था तुम्हाला वाटते त्याहून वाईट आहे. निर्णय बरोबरच आहे.

---

तन्वी_स

मी घरी ऑक्सिडाइज्ड दागिने करून प्रदर्शनात विकते, त्यामुळे धागा आवडीने वाचतेय. पेनांचा १.८ म्हणजे ८० टक्के नफा ना? आणि भेटवस्तूंचा ०.८ म्हणजे २० टक्के तोटा? मग तोट्यातला माल ठेवायचाच कशाला?

---

जुनी_वही

तन्वी, नाही. ०.८ म्हणजे तोटा नव्हे. वर्षभर त्या मालात एक रुपया अडकवून ठेवला तर ८० पैसे मार्जिन मिळालं, आणि तो मूळ रुपया मालाच्या रूपात जागेवर आहेच. मात्र त्या ८० पैशांतून भाडं, पगार, वीजबिल अजून जायचंय. त्यामुळे 'एकाच्या वर म्हणजे फायदा' असा सरसकट नियम लावता येत नाही. किती पुरे ते ज्याच्या त्याच्या दुकानाच्या खर्चावर ठरतं.

पेन्सिलबॉक्स, मी चौदा वर्षं एका मोठ्या साखळी दुकानाच्या खरेदी विभागात होतो, त्यातली पाच-सहा स्टेशनरी आणि खेळण्यांवर. तुमचा भागाकार बरोबर आहे. मला शंका आहे ती खालच्या आकड्याची. वर्षाला १२ लाखांच्या वह्या विकणाऱ्या दुकानात सरासरी साठा फक्त ५०,००० चा? हा आकडा तुम्ही कसा काढलात?

---

पेन्सिलबॉक्स

ताळेबंदातून. ३१ मार्च २०२४ ला वह्यांचा साठा ४०,००० होता, ३१ मार्च २०२५ ला ६०,०००. दोन्हींची सरासरी घेतली. सीएंनीही असंच शिकवलं होतं.

---

जुनी_वही

वाटलंच होतं. आता जरा आठवा, ३१ मार्चला तुमच्या दुकानात वह्या किती असतात आणि ३१ मेला किती असतात?

मुंबईत शाळा जूनच्या मध्याला उघडतात. वह्यांची खरेदी एप्रिल-मेमध्ये होते, विक्रीचा मोठा भाग जून-जुलैमध्ये. आपलं आर्थिक वर्ष संपतं ते नेमकं वह्या संपलेल्या असतात तेव्हा. म्हणजे वर्षातला सगळ्यात रिकामा दिवस तुम्ही दोनदा मोजलात आणि त्याला सरासरी म्हटलंत. पेनांचं असं होत नाही, ती बारा महिने सारखीच असतात. म्हणून एका गटाचा आकडा खरा निघाला आणि दुसऱ्याचा फुगला.

तुम्ही टॅलीत वस्तूवार साठा ठेवत असाल तर प्रत्येक महिन्याच्या शेवटच्या तारखेचा साठा काढा. मागच्या मार्चपासून या मार्चपर्यंत तेरा आकडे होतील. ते एका रकान्यात, शेजारी मार्जिन, आणि मग:

```
=C2/AVERAGE(B2:B14)
```

साखळी दुकानात आम्ही आठवड्याचा साठा धरायचो. तुम्हाला महिन्याचा पुरे.

---

पेन्सिलबॉक्स

काढले. हजारांत लिहिते. मार्च ४०, एप्रिल ३२०, मे ६००, जून २८०, जुलै १५०, ऑगस्ट ११०, सप्टेंबर ९०, ऑक्टोबर १२० (दुसऱ्या सत्राची खेप), नोव्हेंबर १००, डिसेंबर ८०, जानेवारी ७०, फेब्रुवारी ६०, मार्च ६०.

बेरीज २,०८०. तेराने भागलं, सरासरी १६०. म्हणजे १,६०,००० रुपये.

२,४०,००० भागिले १,६०,००० बरोबर १.५.

४.८ चे १.५ झाले. पेनांचे महिन्यांचे आकडेही काढले, ते ९५ ते १०८ हजारांत फिरतात, त्यामुळे १.८ तसेच राहिले. भेटवस्तूही अडीच लाखांच्या आसपासच. म्हणजे वह्या पहिल्या नाहीतच, पेनं पहिली आहेत! खरं तर हे मला दिसायला हवं होतं. मेमध्ये वह्यांचे गठ्ठे पोटमाळ्यावर मावत नाहीत म्हणून आमच्या घरच्या हॉलमध्ये ठेवतो, मुलं त्यावर बसून टीव्ही बघतात.

---

जुनी_वही

हो, हॉलमधले ते गठ्ठे तुमच्या ताळेबंदात कधी आलेच नाहीत.

अशी चूक झालीय हे आकडे न काढताही ओळखता येतं. ५०,००० च्या साठ्यावर ९,६०,००० ची खरेदी किंमत म्हणजे माल वर्षात एकोणीस वेळा फिरला, म्हणजे सरासरी वही तुमच्याकडे जेमतेम एकोणीस दिवस टिकली. मेमध्ये आणलेली वही जुलैत विकणाऱ्याला हा आकडा बघताक्षणी खटकला पाहिजे. छत्र्या, रेनकोट, राख्या, दिवाळीचं साहित्य, सगळ्यांचं हेच. हंगाम मार्चपासून जितका लांब, तितका ताळेबंदातला जीएमआरओआय फसवा.

आता सीए_होणार. मार्जिन गुणिले फेरे हे सूत्र आहेच, पण दोन्ही एकाच मापात हवेत. तुम्ही मार्जिनचे टक्के विक्रीवर काढले आणि फेरे खरेदी किमतीवर. फेरे खरेदी किमतीवर मोजले तर नफाही खरेदी किमतीवरच धरायला हवा. ८० ची वही १०० ला विकली, तर ८० वर २० म्हणजे २५ टक्के. वह्यांचे खरे फेरे सहा, सहा गुणिले २५ टक्के, १.५. ताईंच्या उत्तराशी जुळतं.

---

सीए_होणार

मान्य, मापं मिसळली. पण चूक सगळ्या गटांत सारखीच होत असेल तर तुलनेला काय फरक पडतो? क्रम तोच राहील ना?

---

जुनी_वही

सारखी होत नाही, म्हणून तर बोललो. तुमच्या पद्धतीने उत्तर नेमकं मार्जिनच्या टक्क्यांइतकं कमी येतं. २० टक्के मार्जिनचा गट २० टक्क्यांनी खाली येतो आणि ४० टक्क्यांचा ४० टक्क्यांनी. ४.८ चे ३.८४ झाले, पण ०.८ चे थेट ०.४८. जास्त मार्जिनच्या, हळू खपणाऱ्या मालावर यात अन्याय होतो. दोन गट जवळजवळचे असतील तर क्रमही उलटतो. मी बैठकीत भेटवस्तूंची अख्खी भिंत या चुकीपायी निम्मी झालेली पाहिली आहे. ती परत मिळायला दोन दिवाळ्या गेल्या.

---

माधवराव_निवृत्त

मी बँकेत कर्ज विभागात होतो, दुकानदारांची कॅश क्रेडिटची प्रकरणं बरीच पाहिली. तेरा महिन्यांची सरासरी ठीक आहे, पण मेअखेर त्यांचे सहा लाख एकदम अडकलेले होते, त्याचं काय? दुकानदाराला सरासरी रक्कम उभी करायची नसते, सगळ्यात मोठी रक्कम उभी करायची असते. सहा लाखांवर २,४०,००० म्हणजे ०.४. हाच आकडा प्रामाणिक, असं माझं मत. लहान दुकानं बुडतात ती तोट्याने नाही, मे महिन्यात हातात पैसा नसल्याने.

---

जुनी_वही

माधवराव, पैशाची जुळवाजुळव हा मुद्दा खरा आहे. पण व्याज सहा लाखांवर बाराही महिने लागत नाही, रोजच्या शिलकीवर लागतं. समजा ११ टक्के दर धरला तर वह्यांत अडकलेल्या पैशाचं वर्षाचं व्याज १,६०,००० वरच पडेल, १७,६०० रुपये. म्हणून खर्च मोजायला सरासरीच बरोबर.

आणि ०.४ धरलं तर आणखी एक गोष्ट नजरेआड होते. वह्यांचा पैसा जुलैअखेर बराचसा मोकळा होतो. तोच पैसा पुढे रक्षाबंधनाला, गणपतीच्या सजावटीला, दिवाळीच्या भेटवस्तूंना वापरता येतो. भेटवस्तूंत अडीच लाख बारा महिने अडकतात, वह्यांत सहा लाख दोन महिने. दोन्ही प्रकारचा पैसा सारखा नाही.

---

माधवराव_निवृत्त

मोकळा होतो, पण मेमध्ये तो आधी मिळाला पाहिजे ना. माझ्या मते दोन्ही आकडे शेजारी लिहावेत. एकच आकडा बघून निर्णय घेऊ नये.

---

गिरगावकर_किराणा

माझं दूध राहिलंच. आणि उधारीचं पण कुणी बोललं नाही. अब्दुल रेहमान स्ट्रीटची पार्टी वह्या साठ दिवसांच्या उधारीवर देत असेल, तर मेमधले सहा लाख ताईंचे नाहीतच, पार्टीचे आहेत. ते साठ्यातून वजा करायला नकोत का? आमच्याकडे बिस्किटांचं असंच, माल विकून झाल्यावर पैसे द्यायचे.

---

जुनी_वही

दादा, दुधाबद्दल तुम्हीच उत्तर दिलंय. जीएमआरओआय आत्ता गुंतलेला पैसा काय कमावतोय ते सांगतो. पुढचा रुपया घातला तर तो काय कमावेल ते सांगत नाही. दुधाचं गिऱ्हाईक ठरलेलं, वह्यांचंही ठरलेलं. आसपासच्या शाळांत मुलं आहेत तितक्याच वह्या खपणार. भेटवस्तूंचा पैसा काढून ताईंनी आणखी लाखाच्या वह्या आणल्या तर त्या पुढच्या जूनपर्यंत बसतील. म्हणून आम्ही दूध आणि सुकामेवा एका रांगेत लावत नसू. दुधाची तुलना दह्याशी, पावाशी आणि दुधाच्याच गेल्या वर्षाशी.

उधारीबद्दल मी वजा न करण्याच्या बाजूचा आहे. उधारी हा पार्टीचा गुण, मालाचा नाही. उद्या पार्टीने रोख मागितली तर माल तोच राहील आणि आकडा कोसळेल. शिवाय तुमच्या बिस्किटांत वजाबाकी केली तर भागायला शून्य किंवा त्याहून कमी उरेल, मग त्या उत्तराला अर्थ काय?

---

गिरगावकर_किराणा

तुमचं साखळी दुकानांचं गणित असेल. माझ्या गल्ल्यातून जो पैसा गेलाच नाही, तो अडकला असं मी नाही म्हणणार. दोन पार्ट्या तोच माल देत असतील तर मी उधारी देणाऱ्याचाच घेईन, आणि मला तो फरक आकड्यात दिसायला हवा.

---

माधवराव_निवृत्त

इथे मी गिरगावकरांच्या बाजूने. पण रोख घेतल्यावर पार्टी सूट देत असेल तर उधारी फुकट नसते, तेही बघा.

---

जुनी_वही

सूट असेल तर ती खरेदी किमतीतून वजा होऊन मार्जिनमध्ये येतेच. बाकी यावर आपलं एकमत होईलसं दिसत नाही.

पेन्सिलबॉक्स, आता भेटवस्तूंकडे वळा. 'भेटवस्तू आणि खेळणी' हा एक गट आहे की दोन? त्या अडीच लाखांत काय काय आहे ते कपाट उघडून मोजा. प्रत्येक वस्तू कधी आणली तेही लिहा.

---

पेन्सिलबॉक्स

उशिरा लिहितेय, मोजायला दोन रविवार लागले. सासरेही बरोबर बसले. किमतीच्या चिठ्ठीवर ते कोपऱ्यात बारीक अक्षरात खरेदीचा महिना लिहितात, हे मला माहीतच नव्हतं. त्यामुळे सगळं लागलं.

जिगसॉ, पत्ते, बोर्ड गेम, रंगकामाचे संच यांचा साठा सरासरी ५०,०००. विक्री अडीच लाख, सुटले एक लाख. जीएमआरओआय २.

शोपीस, फोटोफ्रेम, काचेच्या आणि चिनीमातीच्या वस्तूंचा साठा २ लाख. विक्री अडीच लाख, सुटले एक लाख. जीएमआरओआय ०.५.

मार्जिन दोन्हीकडे ४० टक्के. सासऱ्यांचं म्हणणं खेळण्यांबाबत बरोबर निघालं, अख्ख्या दुकानात तीच सगळ्यात वर आहेत. मी कोपरा काढला असता तर तीही गेली असती. शोपीसच्या दोन लाखांतला साधारण एक लाखाचा माल दोन वर्षांहून जुना आहे. कपाटाच्या मागच्या रांगेत. काही फ्रेमना पावसाळ्याची ओल लागून पाठीमागचा पुठ्ठा फुगलाय.

दुकानाचा महिन्याचा खर्च ३५,०००, वर्षाला ४,२०,०००. सगळा साठा मिळून सरासरी ५,१०,०००. म्हणजे रुपयामागे साधारण ८२ पैसे नुसते खर्चाला लागतात. शोपीस ५० पैशांवर आहेत.

---

जुनी_वही

उत्तम मोजलंत. खर्च साठ्याच्या प्रमाणात वाटणं मात्र ढोबळ आहे. मुंबईत सगळ्यात महाग असते ती जागा, आणि जीएमआरओआयला जागा दिसत नाही. शोपीसने दर्शनी कपाटाचे किती फूट अडवलेत आणि त्या फुटांवर खेळणी मांडली तर किती सुटेल, हे वेगळं मोजा. पोटमाळ्यावरच्या वहीचा फूट आणि दाराजवळच्या कपाटाचा फूट एकाच भावाचे नाहीत.

एक सावधगिरी. तो जुना लाखाचा माल समजा ४०,००० ला काढलात, तर ६०,००० चा तोटा याच वर्षी शोपीसच्या मार्जिनमधून वजा करा. अनेक ठिकाणी तो 'इतर खर्चात' टाकतात. मग पुढच्या वर्षी साठा निम्मा, मार्जिन तेवढंच, आणि जीएमआरओआय ०.५ वरून एकदम १ वर जातो. काहीही सुधारलेलं नसताना तो गट सुधारल्यासारखा दिसतो आणि खरेदी करणारा पुन्हा शोपीस भरतो. हे मी स्वतः होऊ दिलं आहे.

---

तन्वी_स

माझ्या दागिन्यांची पेटी आज मोजली. गेल्या वर्षीच्या प्रदर्शनांत न गेलेले झुमके ३८ जोड निघाले. मी प्रत्येक वेळी तेच पुन्हा मांडत होते. त्यांना खरेदी किंमत कुठली धरू? घडवण्याची मजुरी माझीच आहे.

---

जुनी_वही

सामानाची किंमत धरा, आणि मजुरी दुसऱ्या कुणाला दिली असती तर जी पडली असती ती. सगळ्या प्रकारांना एकच रीत लावा, नाहीतर मेहनतीचे झुमके उगाच स्वस्त दिसतील.

---

पेन्सिलबॉक्स

सध्या ठरलंय ते असं. शोपीसची नवी खरेदी दिवाळीपर्यंत बंद, जुना माल गणपतीच्या आधी सवलतीत काढायचा, त्यांच्या दोन खणांत खेळणी. वह्या वाढवायच्या नाहीत.

सासऱ्यांना एक गोष्ट पटलेली नाही. ते म्हणतात, दारातल्या काचेच्या वस्तू बघून बायका आत येतात आणि खेळणं घेऊन जातात, शोपीस काढले तर खेळण्यांचाही खप पडेल. हे खरं की खोटं ते माझ्या आकड्यांत कुठेच दिसत नाही. एका कपाटातले शोपीस दोन महिने काढून बघायचे म्हटलं, तर नेमके कुठले दोन महिने निवडू? जून-जुलैत सगळं दुकान वह्यांनीच भरलेलं असतं. कुणी असं करून पाहिलंय का?